नळीत पातळ, नसेत गुठळी

घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात पोचला की डॉक्टर एक अगदी साधी तपासणी करतात. त्याच्या शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात. वीस मिनिटं त्या नळीला कुणी हात लावत नाही. मग ती आडवी करून पाहायची. निरोगी माणसाचं रक्त तोवर घट्ट झालेलं असतं, नळी उलटी केली तरी पडत नाही. घोणशीचं विष भिनलं असेल तर मात्र ते पाण्यासारखं ओघळतं. अशा रुग्णाच्या हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाऊ लागतं. तेव्हा हे विष रक्त पातळ करतं, असंच कुणालाही वाटेल.

आता तेच विष प्रयोगशाळेत न्या. निरोगी माणसाच्या रक्ताचा पिवळसर द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, नळीत घ्या, त्यात थोडं कॅल्शियम आणि विषाचा थेंब टाका. काही सेकंदांत प्लाझ्मा गोठतो. म्हणजे विष रक्त पातळ करत नाही, गोठवतं. शरीरात ते जिकडेतिकडे एकदम गोठणं सुरू करतं, आणि त्यात गोठण्याचा कच्चा माल, मुख्यतः फायब्रिनोजेन, इतक्या झपाट्यानं खर्ची पडतो की खऱ्या जखमेसाठी काही उरतच नाही. नळीत गुठळी, अंगात रक्तस्राव.

या कोड्याची बरोब्बर उलटी प्रतिमा असलेला एक आजार आहे. त्यात रुग्णाचं रक्त नळीत गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतं आणि त्याच माणसाच्या पायात, मेंदूत किंवा गर्भाच्या वारेत गुठळ्या होतात. आजाराचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. नळीतलं गोठणं लांबवणाऱ्या प्रतिपिंडांचं नाव ल्युपस अँटिकोॲग्युलंट. आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की हा आजार पकडणाऱ्या एका महत्त्वाच्या तपासणीत वापरतात ते घोणशीचंच विष.

कागदावरचे ६४ सेकंद

बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत जे घडतं ते एकत्र करून एक बाई डोळ्यांसमोर आणू. वय एकतीस. पित्ताशयातल्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याआधीच्या नेहमीच्या रक्ततपासण्यांत एक आकडा लाल अक्षरांत येतो : एपीटीटी ६४ सेकंद. त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा २६ ते ३६. पीटी नावाची दुसरी गोठण-तपासणी मात्र अगदी नॉर्मल, १३ सेकंद. प्लेटलेट थोड्या कमी, १ लाख २० हजार. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि घरात एकच धास्ती बसते : हिला कापलं तर रक्त थांबणार नाही.

पण कुणीतरी तिला नीट विचारतं. अक्कलदाढ काढली तेव्हा किती रक्त गेलं? कापसाचा बोळा अर्धा तास धरला, संपलं. पाळीत फार जातं? नाही. कापलं, खरचटलं तर? इतरांसारखंच. गर्भारपण? यावर ती थांबते. दोन. दोन्ही चौथ्या महिन्यात पोटातच गेले.

इथे कागद एक सांगतो आहे आणि अंग दुसरं. खोटं कुणीच बोलत नाही. हे उमजायचं तर एपीटीटीच्या नळीत नेमकं काय चालतं ते पाहायला हवं.

गोठण्याला ओटा लागतो

रक्त गोठवणारी प्रथिनं रक्तात सतत तरंगत असतात, पण तरंगता तरंगता त्यांचं काम फार मंद चालतं. त्यांना एकत्र बसायला जागा लागते. स्वयंपाकाचं सगळं सामान घरभर पसरलेलं असेल तर पोळी होत नाही. पीठ, पाणी, पोळपाट एका ओट्यावर आले की भराभर होते. रक्तातला हा ओटा म्हणजे फॉस्फोलिपिड, पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं. त्यांतली ऋणभारित जात, फॉस्फॅटिडिलसेरीन, एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला दडलेली असते. जखम झाली, प्लेटलेट चेतल्या, की ती उलटून बाहेर येते. कॅल्शियमच्या मदतीनं गोठणारी प्रथिनं त्या पृष्ठभागाला धरून शेजारी शेजारी बसतात. प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करण्याची शेवटची मोठी पायरी या ओट्यावर पूर्ण मांडणीनिशी झाली तर सुट्या एन्झाइमच्या तुलनेत सुमारे तीन लाख पट वेगानं होते. हा वेग नसता तर आपण साध्या खरचटण्यानंही रिते झालो असतो.

एपीटीटी करताना रक्त सायट्रेट असलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत घेतात, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त वाटेत गोठत नाही. मग नळी यंत्रात गरगर फिरवतात. पेशी तळाशी जातात, वर प्लाझ्मा राहतो. ल्युपस अँटिकोॲग्युलंट शोधायचा असेल तर हे दोनदा करतात, जेणेकरून प्लेटलेट जवळजवळ उरूच नयेत. पेशी गेल्या म्हणजे ओटाही गेला. म्हणून बाहेरून मोजून फॉस्फोलिपिड घालतात, गोठण्याला चालना देणारी सिलिकासारखी भुकटी घालतात, काही मिनिटं थांबतात, शेवटी कॅल्शियम टाकतात आणि घड्याळ सुरू होतं.

म्हणजे नळीत ओटा आहे, पण तो आपण मोजून दिलेला, छोटासा. आणि या बाईच्या प्लाझ्मात असे प्रतिपिंड आहेत जे थेट त्या ओट्यावरच ठाण मांडतात. गोठणारी प्रथिनं पूर्ण संख्येनं हजर आहेत, पण त्यांना बसायला जागा नाही. सेकंद वाढत जातात : चाळीस, पन्नास, चौसष्ट.

पीटी नॉर्मल का आली, याचंही उत्तर इथेच आहे. पीटीच्या द्रावणात फॉस्फोलिपिड भरपूर असतं. एवढा मोठा ओटा प्रतिपिंडांना अडवून धरता येत नाही.

एक प्रथिन, जे वळण बदलतं

नावावरून वाटतं की हे प्रतिपिंड फॉस्फोलिपिडलाच चिकटतात. बराच काळ तसंच मानलं जात होतं. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि जपानमधल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की मध्ये आणखी कुणीतरी आहे. त्याचं नाव बीटा-२-ग्लायकोप्रोटीन वन. आपल्या सगळ्यांच्या रक्तात ते मुबलक असतं. पाच मण्यांच्या माळेसारखी त्याची रचना आहे. रक्तात फिरताना ही माळ बहुतेक वेळा स्वतःभोवती वळून गोल बसलेली असते, पहिला मणी पाचव्याला टेकलेला. पाचवा मणी ऋणभारित फॉस्फोलिपिडवर बसला की माळ उलगडते आणि गळाच्या आकड्यासारखी उभी राहते. आणि मग पहिल्या मण्यावरचा, एरवी झाकलेला, एक छोटासा भाग उघडा पडतो.

सर्वांत घातक ठरणारे प्रतिपिंड नेमका तोच भाग ओळखतात. प्रतिपिंडाला दोन हात असतात, त्यामुळे तो एकाच वेळी दोन माळा धरतो. एकटी माळ ओट्यावर सैल बसते, सहज सुटते. दोन बांधल्या गेल्या की हलत नाहीत. नळीतली जागा अडते ती अशी. काही रुग्णांत प्रतिपिंडांचं लक्ष्य प्रोथ्रॉम्बिन असतं, पण अडवण्याची रीत तीच.

मग अंगात उलट का?

मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट आता येते. नळीत आपण काय केलं? पेशी काढून टाकल्या. आणि शरीरात हे प्रतिपिंड जे काही करतात ते मुख्यतः पेशींवरच करतात.

रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर एरवी गुळगुळीत असतं. त्यावर काही चिकटत नाही, गोठत नाही. बांधलेल्या माळांची जोडी तिथल्या पेशींच्या आवरणावर बसते तेव्हा ती पेशीला इशारा देते. पेशी चेतते, चिकट होते आणि टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन बाहेर मांडते. एरवी ते जखमेच्या जागीच रक्ताला भेटतं आणि गोठणं सुरू करतं. रक्तातल्या मोनोसाइट पेशीही तेच करतात. प्लेटलेट चेततात. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल आपल्या डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात आणि त्यांत गुठळीला आधार मिळतो. शरीराची संरक्षक कॉम्प्लिमेंट साखळी जागी होते. प्रोटीन सी हे गोठण्याला नैसर्गिक लगाम घालणारं प्रथिन, त्यालाही काम करायला फॉस्फोलिपिडचाच ओटा लागतो, आणि प्रतिपिंड तिथेही अडथळा आणतात.

ओट्याची टंचाई मात्र शरीरात नाही. चेतलेल्या लाखो प्लेटलेट नवे ओटे सतत मांडत असतात. काही ओटे अडले तरी गोठण्याचं काम अडत नाही. म्हणून नळीत या प्रतिपिंडांचा एकच गुण दिसतो, जागा अडवण्याचा. अंगात दुसरा गुण वरचढ ठरतो, पेशी चेतवण्याचा. प्रतिपिंड एकच, नळीत त्याच्यासमोर प्लाझ्मा आहे, नसेत अख्खी जिवंत रक्तवाहिनी.

तरीही हे प्रतिपिंड बाळगणारी माणसं वर्षानुवर्षं ठीक राहतात आणि मग एके दिवशी गुठळी होते. बहुधा त्या वेळी दुसरा एखादा धक्का बसलेला असतो : शस्त्रक्रिया, बाळंतपण, संसर्ग, इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या, अंथरुणाला खिळणं. प्रतिपिंड जमीन तयार ठेवतात, ठिणगी बाहेरून पडते.

नावातल्या दोन चुका

ल्युपस अँटिकोॲग्युलंट या नावाचे दोन्ही शब्द दिशाभूल करतात, आणि त्यामागे इतिहास आहे. १९५२ साली कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपस झालेल्या रुग्णांमध्ये रक्तस्रावाचा विकार आणि रक्तात फिरणारा गोठणविरोधी घटक नोंदवला. त्या वर्णनात रक्तस्राव होताच. १९६३ साली बोवी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत गोठणविरोधी घटक असूनही गुठळ्या होतात, असं लिहिलं. १९७२ मध्ये फाइनस्टाइन आणि रॅपपोर्ट यांनी ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे नाव रूढ केलं. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांच्या गटानं कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंड मोजण्याची पद्धत मांडली, आणि गुठळ्या, गर्भपात, प्रतिपिंड हे सगळं एका आजाराच्या रूपात नीट जुळून आलं. तोवर नाव पक्कं झालं होतं. ज्यांच्यात हा घटक सापडतो त्यांतल्या अनेकांना ल्युपस नसतो, आणि अंगात तो गोठण रोखत नाही.

पहिल्या वर्णनातला रक्तस्राव मात्र अशक्य नव्हता. क्वचित प्रतिपिंड प्रोथ्रॉम्बिनला इतके चिकटतात की ते रक्तातून झपाट्यानं नाहीसं होतं, किंवा प्लेटलेट फारच खाली जातात. तेव्हा खरोखर रक्त वाहतं. म्हणून एपीटीटीबरोबर पीटीही लांबली असेल तर प्रोथ्रॉम्बिन वेगळं मोजून पाहावं लागतं. आपल्या बाईची पीटी १३ आहे, हा दिलासा आहे.

घोणशीचा थेंब

आता तिच्या कागदाकडे परत. पहिली पायरी मिश्रणाची. तिचा प्लाझ्मा अर्धा, निरोगी माणसांचा अर्धा. रक्तात एखादं गोठणारं प्रथिन कमी असेल, जसं हिमोफिलियात, तर निम्म्या निरोगी प्लाझ्मानं ती उणीव भरून निघते आणि वेळ नॉर्मलला येतो. तिच्या मिश्रणाला ५८ सेकंद लागतात. म्हणजे उणीव नाही, अडवणारं कुणीतरी आहे.

दुसऱ्या पायरीला घोणशीचं विष येतं. इंग्रजीत या सापाला ज्यांचं नाव मिळालं ते पॅट्रिक रसेल ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश वैद्य. विशाखापट्टणमच्या परिसरात साप गोळा करून १७९६ साली त्यांनी भारतीय सापांवरचा सचित्र ग्रंथ छापला. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी या विषाचं पातळ द्रावण जखमेवर लावून रक्त थांबवता येतं का, हे तपासलं. आणि १९८६ साली तिआगराजन, पेंगो आणि शपिरो यांनी ते ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या तपासणीला आणलं.

विषात असं काय आहे? त्यातलं एक एन्झाइम गोठण्याच्या लांबलचक साखळीतल्या वरच्या कड्या ओलांडून थेट दहाव्या घटकाला चालू करतं. त्यामुळे हिमोफिलियातल्या आठव्या किंवा नवव्या घटकाच्या उणिवेचा या तपासणीवर परिणाम होत नाही. विषाच्या पुढे उरते ती मुख्यतः ओट्यावर होणारी शेवटची पायरी. विष पातळ केलेलं आणि फॉस्फोलिपिड मुद्दाम कमी ठेवलेलं, म्हणजे अडवणारा प्रतिपिंड लपू शकत नाही.

तिचा प्लाझ्मा ७२ सेकंद घेतो, निरोगी ३६. गुणोत्तर २. आता तीच तपासणी पुन्हा, पण फॉस्फोलिपिड भरपूर घालून. ओटा मोठा केला की सगळ्यांना जागा मिळते. यावेळी तिला ४० सेकंद लागतात, निरोगीला ३३. गुणोत्तर सुमारे १.२१. दोनला १.२१ नं भागलं की सुमारे १.६५ येतं. हा आकडा साधारण १.२ च्या वर असला की होकारार्थी धरतात. ओटा वाढवताच वेळ कमी झाला, म्हणजे अडथळा ओट्यावरच होता. किती सरळ तर्क आहे हा.

ही तपासणी फसतेही. प्लाझ्मात प्लेटलेट राहून गेल्या आणि नमुना गोठवून ठेवला, तर प्लेटलेट फुटून आपलं फॉस्फोलिपिड सोडतात. नळीत नकळत मोठा ओटा तयार होतो आणि प्रतिपिंड असूनही अहवाल नकारार्थी येतो. उलट रुग्ण वॉरफरिन किंवा रिव्हरॉक्साबॅनसारखं औषध घेत असेल तर प्रतिपिंड नसतानाही तपासणी होकारार्थी येऊ शकते. संसर्गानंतर असे प्रतिपिंड काही आठवडे येऊन जातात. म्हणून एका अहवालावर शिक्का मारत नाहीत. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि सोबत कार्डिओलिपिन व बीटा-२-ग्लायकोप्रोटीन यांविरुद्धचे प्रतिपिंडही मोजतात. तिन्ही होकारार्थी असतील तर गुठळीचा धोका सर्वांत मोठा.

आकडा वाचताना

दुसऱ्या तपासणीची वाट पाहत असतानाच तिचा डावा पाय पोटरीपासून मांडीपर्यंत सुजतो. डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या मोठ्या शिरेत गुठळी दिसते. ६४ सेकंदांच्या त्या कागदाला 'रक्त पातळ' म्हणून वाचलं तर इथे जीवघेणी चूक होते : हिचं रक्त आधीच पातळ आहे, गुठळीवरचं औषध कशाला द्यायचं? किंवा रक्तपेढीतून प्लाझ्मा आणून चढवला जातो. तो तिला नकोच आहे.

दुसरा सापळा आणखी सूक्ष्म आहे. शिरेतून सतत दिलेल्या हेपरिनचा डोस बऱ्याच ठिकाणी एपीटीटी पाहून ठरवतात. ती दुप्पट झाली की डोस पुरेसा. हिची एपीटीटी हेपरिनचा थेंबही न देता दुप्पट आहे. आकडा पाहून डोस कमी ठेवला तर गुठळी वाढत राहील. म्हणून तिला वजनानुसार मोजून लो मॉलिक्युलर वेट हेपरिन देतात, आणि परिणाम पाहायचाच तर अँटी-टेन-ए ही वेगळी तपासणी करतात.

पुढे दीर्घकाळ वॉरफरिन, आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान राखून. नव्या गोळ्यांना आयएनआरची कटकट नाही, म्हणून त्या सोयीच्या वाटतात. पण २०१८ साली तिन्ही प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत वॉरफरिन आणि रिव्हरॉक्साबॅन यांची तुलना करणारा इटलीतला अभ्यास मध्येच थांबवावा लागला. रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्यांत गुठळ्या आणि इतर गंभीर घटना जास्त झाल्या, त्यांत पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके होते. एवढ्या जोरानं चेतलेल्या रक्तवाहिन्यांना ती गोळी पुरी पडली नाही.

तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया पुढे होईल. ६४ सेकंदांसाठी प्लाझ्मा चढवून नाही, तर औषध किती तास आधी थांबवायचं आणि किती लवकर पुन्हा सुरू करायचं याचं काटेकोर गणित मांडून. मूल हवं असेल तर वॉरफरिन गर्भाला अपायकारक म्हणून बदलावं लागेल, आणि गर्भारपणभर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रोज हेपरिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल. वारेच्या पेशींवर हीच बीटा-२-ग्लायकोप्रोटीनची माळ बसलेली असते, प्रतिपिंड तिथेही पोचतात. गेलेल्या दोन गर्भांचं कारण बहुधा तिथेच होतं. या उपचारानं अशा अनेक बायकांच्या कुशीत जिवंत मूल आलं आहे.

घोणशीच्या विषानं गोठवलेली नळी आणि या बाईच्या प्लाझ्मानं न गोठलेली नळी शेजारी ठेवल्या, तर दोन्ही खऱ्या आहेत. पहिली पाहून कुणाला वाटेल, विष रक्तस्राव थांबवेल. दुसरी पाहून वाटेल, हिला गुठळी होणारच नाही. दोन्ही वेळा नळी विचारलेल्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देते. प्रश्न एवढाच असतो : या मोजक्या द्रवाला या मोजक्या ओट्यावर गोठायला किती सेकंद लागतात? उरलेलं उत्तर अक्कलदाढेत, गेलेल्या दोन गर्भांत आणि सुजलेल्या पायात असतं. ते विचारावं लागतं.